‘घेतला का गणवेश?’ : शाळा उघडण्याआधी वह्यांच्या दुकानासाठी घोषवाक्य

*नमस्कार. गंगावेशीत, दूध कट्ट्यापासून जवळच आमचं छोटं स्टेशनरीचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता मी आणि माझे मिस्टर बघतो. माल साधा पण चांगला ठेवतो आणि भाव कमी लावतो. आमचं गिऱ्हाईक म्हणजे पेठेतली माणसं आणि पन्हाळ्याच्या बाजूनं येणारी खेड्यातली मंडळी. शाळा उघडायच्या आत एक फ्लेक्स लावायचा आहे, जमलं तर रिक्षाही फिरवायची आहे. मिस्टरांनी दोन घोषवाक्यं केलीत: ‘स्वस्तात मस्त, स्टेशनरी जबरदस्त’ आणि ‘जगात भारी, आमची स्टेशनरी कोल्हापुरी’. मुलगी म्हणते, असलं सगळीकडंच असतं. यमक जुळवून, लोकांच्या तोंडात बसेल असं काही सुचवाल का? दुकानाचं नाव देवाचं आहे, ते छापू नका. — एक दुकानदार, गंगावेश, कोल्हापूर*

ताई, तुमच्या मुलीचं बरोबर आहे, आणि तिला जे नुसतं जाणवलंय त्याचं कारणही सांगता येतं.

घोषवाक्य ऐकल्यावर माणूस त्यातले सगळे शब्द लक्षात ठेवत नाही. ज्या दोन शब्दांवर यमक पडतं ते दोन शब्द राहतात, बाकीचं गळून जातं. म्हणून लिहायला बसताना पहिला प्रश्न हाच, की यमक कोणत्या शब्दांवर पाडायचं. ‘स्वस्तात मस्त, स्टेशनरी जबरदस्त’ यात यमक पडलंय ‘मस्त’ आणि ‘जबरदस्त’ या शब्दांवर. संध्याकाळी घरी गेल्यावर गिऱ्हाइकाच्या डोक्यात हेच दोन शब्द उरणार, आणि त्यात ना वही आहे, ना तुमचं दुकान, ना गंगावेश. दुसऱ्या वाक्यातही तेच. ‘भारी’ आणि ‘कोल्हापुरी’ हे शब्द आपल्या गावात मिसळीपासून मोबाइलच्या कव्हरपर्यंत सगळ्यांनी वापरलेत. ‘नाद खुळा’चंही तसंच आहे. ते वाचून माणूस खूश होतो, पण कुणाचा बोर्ड होता ते सांगू शकत नाही.

याची एक सोपी परीक्षा आहे. तुमच्या वाक्यातून ‘स्टेशनरी’ काढा आणि तिथं ‘साडी’ घाला, नाहीतर ‘भेळ’ घाला. ‘स्वस्तात मस्त, भेळ जबरदस्त.’ वाक्य जसंच्या तसं चाललं, म्हणजे ते तुमचं नव्हतंच. चांगलं घोषवाक्य दुसऱ्याच्या दुकानावर टांगलं तर तिथं विचित्र दिसायला पाहिजे.

तेव्हा यमकाच्या जागी काय ठेवायचं? दुकानाचं नाव ठेवता आलं तर सगळ्यात उत्तम, पण तुमचं नाव देवाचं. तशा नावाची दुकानं कोल्हापुरात गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे नावावर यमक पाडून तुमचा पत्ता लागणार नाही. मग उरतं ठिकाण. इथं तुमचं नशीब जोरावर आहे, कारण जून महिन्यात प्रत्येक घरात बोलला जाणारा एक शब्द तुमच्या भागाच्या नावाशी जुळतो. गणवेश आणि गंगावेश. शेवटचं ‘वेश’ तर जुळतंच, सुरुवातीचा ‘ग’सुद्धा जुळतो, म्हणजे कानाला दोन्ही टोकांनी पकड मिळते. काही जण ‘गंगावेस’ असंही लिहितात. तुम्ही मात्र फ्लेक्सवर, पावतीवर, पिशवीवर सगळीकडं एकच ठेवा, ‘श’ असलेलं.

जोडी सापडली म्हणजे वाक्य झालं असं नाही. कच्च्या वाक्यापासून पक्क्यापर्यंत कसं जायचं ते सविस्तर सांगते, म्हणजे पुढच्या वर्षी तुम्हाला स्वतःलाच करता येईल.

सहज सुचतं ते असं:

नवी शाळा, नवा गणवेश,
नव्या वह्या गंगावेश!

वाचायला गोड आहे, पण यात मोठी खोट आहे. यमकाचा शब्दच लक्षात राहतो असं आत्ता म्हटलं, आणि इथं पहिला यमकाचा शब्द ‘गणवेश’ आहे. हा फ्लेक्स लावलात तर दिवसभर लोक पायरीवरून विचारतील, “गणवेश मिळतो का ओ?” नाही म्हणता म्हणता तुमचा जीव जाईल, आणि खेड्यातून खास त्यासाठी आलेला माणूस नाराज होऊन परत जाईल. जी वस्तू आपण विकत नाही, ती यमकात आली तर तिचं काय करायचं ते त्याच ओळीत सांगून टाकावं लागतं. गणवेश दुसरीकडं झालेला आहे, आता वह्यांचं बघा, असं म्हणायचं:

गणवेश झाला शिवून,
आता गंगावेशीत या वह्या घेऊन!

अर्थ सुधारला, पण वाक्य बिघडलं. एक तर ‘वह्या घेऊन या’ म्हणजे वह्या घेऊन आमच्याकडं या असं ऐकू येतं. दुसरं म्हणजे यमक ‘शिवून’ आणि ‘घेऊन’ वर गेलं, आणि आपली सोन्यासारखी जोडी ओळीच्या पोटात बुडाली. हे का झालं? ‘गंगावेश’ला ‘-त’ प्रत्यय लावला म्हणून. मराठीत नावाला ‘ला’, ‘त’, ‘हून’ लागलं की त्याचं शेपूट बदलतं आणि यमक सुटतं. म्हणून ठिकाणाचं नाव यमकात हवं असेल तर ते ओळीच्या अगदी शेवटी, कोणताही प्रत्यय न लावता येईल अशी वाक्यरचना शोधायची. ‘अमुकसाठी तमुक’ ही रचना त्याला फार सोयीची पडते:

घेतला का गणवेश?
वह्यांसाठी गंगावेश!

हे मला तुमच्यासाठी पक्कं वाटतं. पहिली ओळ म्हणजे जूनमध्ये आई आईला विचारते तो प्रश्न आहे, त्यामुळे ऐकणाऱ्याचं मन आपोआप ‘हो, घेतला’ किंवा ‘अजून नाही’ असं उत्तर देतं. तेवढ्यात दुसरी ओळ येते. गणवेश आपण विकत नाही हे वेगळं सांगावं लागत नाही आणि वह्या कुठं घ्यायच्या ते कळतं. आता यात ‘भेळ’ घालून बघा, बसणार नाही. हाच बोर्ड राजारामपुरीत टांगून बघा, तोही बसणार नाही.

आता अक्षरं मोजा. घे-त-ला-का-ग-ण-वे-श, आठ. व-ह्यां-सा-ठी-गं-गा-वे-श, आठ. जोडाक्षर एकच धरायचं. आठ अक्षरांची ओळ मराठी कानाच्या ओळखीची आहे. छोट्या अभंगापासून बालगीतापर्यंत आपण ती ऐकत आलोय, त्यामुळे ताल वेगळा लावावा लागत नाही. आठच पाहिजेत असा हट्ट नाही, नऊ-नऊही चालतात, पण दोन्ही ओळी सारख्या असाव्यात. एक ओळ पाचाची आणि दुसरी अकराची झाली की यमक जुळूनही बोलताना पाय अडखळतो. मिस्टरांच्या दुसऱ्या वाक्यात तेच झालंय: ‘जगात भारी’ पाच, ‘आमची स्टेशनरी कोल्हापुरी’ अकरा.

या वाक्याची एक मर्यादाही सांगते. गंगावेशीत वह्या विकणारं दुकान तुमचं एकट्याचं नसणार. नुसतं ‘गंगावेश’ लक्षात ठेवून निघालेला माणूस वाटेत पहिलं दुकान दिसेल तिथं शिरेल. म्हणून घोषवाक्याच्या लगेच खाली, तितक्याच ठळक अक्षरात, दुकानाचं नाव आणि खूण हवी. दूध कट्टा माहीत नाही असा माणूस तुमच्या गिऱ्हाइकात सापडणं कठीण, तेव्हा ‘दूध कट्ट्याजवळ’ पुरे. फक्त ही खूण यमकात कोंबायच्या नादाला लागू नका. पत्ता पत्त्यासारखाच लिहिला की लवकर कळतो.

हे झालं रस्त्यावरचं वाक्य, माणसाला दुकानापर्यंत आणणारं. दुसरं वाक्य दुकानात शिरलेल्या माणसासाठी हवं, कारण त्याच्या मनातला प्रश्न वेगळा असतो. स्वस्त दुकानात शिरलेली आई वही उचलते, पान दोन बोटांत धरून चोळते, उजेडाकडं धरून बघते. तिला भावाची शंका नसते, कागदाची असते. स्वस्त आहे म्हणजे पातळ असणार, पेनानं लिहिलं की मागं उमटणार, पोरगं एकाच बाजूला लिहिणार आणि दोन महिन्यांत पुन्हा वही मागणार. स्वस्त वहीवरचा हा खरा आक्षेप आहे. त्याला उत्तर देणारं वाक्य असेल तरच ते कामाचं. ‘स्वस्त’ हा शब्द परत परत सांगून ती शंका वाढतेच.

म्हणून यमक ‘जाड’ या शब्दावर पाडू. पहिला प्रयत्न असा होतो:

वही स्वस्त, पान जाड,
पोरांचे पुरवा लाड!

आठ-आठ बसलं, यमक स्वच्छ आहे. तरी मी हे पसंत करणार नाही. दुसरी ओळ नुसती भरतीची आहे. ‘जाड’ला जुळणारा शब्द पाहिजे म्हणून ‘लाड’ आला, आणि वहीशी त्याचा काही संबंध नाही. घोषवाक्यात सगळ्यात जास्त होणारी चूक हीच: पहिली ओळ मनापासून येते आणि दुसरी यमकाच्या ओढीनं. ओळखायचं कसं? दुसरी ओळ एकटी म्हणून बघा. ‘पोरांचे पुरवा लाड’ हे चॉकलेटचं दुकानही म्हणेल, कपड्याचंही म्हणेल. आता हे बघा:

वही स्वस्त, पान जाड,
शाई दिसेना पल्याड!

दुसरी ओळ एकटी म्हटली तरी ती कागदाचीच आहे. ‘पल्याड’ हा शब्द तुमच्या पेठेतला आणि पन्हाळ्याकडच्या गिऱ्हाइकाचाही रोजचा आहे, तो ऐकून माणूस थबकतो. अक्षरं आठ-आठ. आणि यात एक दावा आहे, जो गिऱ्हाईक तिथल्या तिथं तपासू शकतं.

पण दावा आहे म्हणूनच तो आधी तुम्ही तपासा. छापायला देण्यापूर्वी दुकानातल्या प्रत्येक प्रकारच्या वहीत बॉलपेननं, जेलपेननं आणि शाईपेननं चार-चार ओळी लिहून पान उलटून बघा. साध्या वह्यांचा कागद साधारण 54 ते 60 जीएसएमचा असतो. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, होलसेलवाल्याला विचारलं की तो सांगतो. 60च्या आसपासच्या कागदावर बॉलपेन सहसा निभावतं. जेल आणि शाईपेनला त्याहून जाड कागद बरा पडतो. कागदाचा गुळगुळीतपणाही बघावा लागतो, म्हणून आकड्यावर विसंबू नका, लिहूनच बघा. ज्या वहीत शाई पल्याड दिसते ती वही या पाटीखाली ठेवायची नाही. ती वेगळ्या गठ्ठ्यात, आणखी कमी भावात, ‘पेन्सिलसाठी’ असं सांगून विका. लहान वर्गांना पेन्सिलच लागते, त्यामुळे तीही खपते.

तसंच ‘दोनशे पानी’ हे शब्द घोषवाक्यात घालू नका. बोलताना आपण सरसकट शंभर पानी, दोनशे पानी म्हणतो, पण कव्हरवर बारीक अक्षरात छापलेला पानांचा आकडा बऱ्याच वह्यांवर त्याहून कमी असतो. वाक्य जुळलं आणि पानं कमी निघाली तर भांडण तुमच्याशी होणार. ‘सगळ्यात स्वस्त’, ‘कोल्हापुरात एक नंबर’ असले शब्दही टाळा. दिशाभूल करणारी जाहिरात 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसते, आणि शेजारचा दुकानदार एक रुपयानं खाली आला की तुमचा बोर्ड खोटा पडतो.

वह्यांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झालाय, तर त्यावर काही करावं असं कुणीतरी तुम्हाला सुचवेलच. नका करू. ती सवलत सरकारची आहे, सगळ्या दुकानांना सारखी आहे, आणि ती वह्या, पेन्सिल, खोडरबर, शार्पनर अशा मोजक्याच वस्तूंना आहे. पेनाला आणि दप्तराला नाही. गिऱ्हाईक सगळ्याच मालावर सूट मागायला लागेल.

आता भावाबद्दल. यमकात आकडा घालायचा मोह होतो, आणि मराठी आकडे जुळायलाही छान आहेत. दहा–पहा, शंभर–नंबर, वीस–तीस. पण कागदाचे भाव दर वर्षी हलतात. फ्लेक्सवर एकदा ‘दहा’ छापलं आणि पुढच्या लॉटला बारा लावावे लागले की वाक्यच बाद होतं, कारण आकडा बदलला की यमक मोडतं. म्हणून मुख्य घोषवाक्यात भाव नको. भाव शेजारी वेगळ्या पट्टीवर लिहा, ती पट्टी बदलता येते. काउंटरवरच्या हातानं लिहिलेल्या पुठ्ठ्यावर मात्र आकड्याचं यमक खुशाल करा, तो पुठ्ठा आठवड्याला बदलता येतो. पेनांच्या डब्यावर हे लावा:

दोन पेनं, रुपये दहा,
घेण्याआधी लिहून पहा!

ही नऊ-नऊ अक्षरं आहेत. पाच रुपयांचं पेन सगळीकडंच मिळतं, त्यात नवल नाही. जोर आहे तो दुसऱ्या ओळीत. डब्याशेजारी एक कच्ची वही दोऱ्यानं बांधून ठेवा, म्हणजे पोरं खरंच लिहून बघतील. कोरडं पेन घरी गेल्यावर कळण्यापेक्षा इथंच कळलेलं बरं, तुम्हालाही आणि त्यांनाही.

तिसरं एक वाक्य तुमच्या कामाचं आहे, आणि ते गर्दीसाठी आहे. शाळा उघडली की दोन-चार दिवसांत प्रत्येक वर्गाची यादी येते: एकरेघी इतक्या, दुरेघी इतक्या, चौकटीची एक, चित्रकलेची एक, नकाशावही, कंपास, ब्राऊन पेपर. त्या दिवसांत लोक एकेक वस्तू सांगत बसतात आणि मागची रांग वाढते. त्यांना यादीच हातात द्यायला लावायचं:

द्या आम्हाला फक्त यादी,
भावाची ना वादावादी!

यमक ‘यादी’वर आहे, म्हणजे गिऱ्हाइकानं जे करावं असं तुम्हाला वाटतं त्यावरच. आणि ‘वादावादी’नं एकच भाव हे ठणकावून न सांगता सांगितलं जातं. पण ही पाटी लावली तर वस्तूंवर भाव लिहिलेले पाहिजेत, आणि ओळखीच्या माणसाला पाच रुपये सोडून शेजारच्याला न सोडणं बंद करावं लागेल. ते जमणार नसेल तर दुसरी ओळ बदला, किंवा पाटीच लावू नका.

रिक्षासाठी लिहिलेलं वाक्य आणि फ्लेक्ससाठी लिहिलेलं वाक्य एकच असलं तरी दोन्हीकडं त्याची परीक्षा वेगळी होते. रिक्षा सावकाश चालली तरी रस्त्याकडेच्या माणसाला तिचा आवाज नीट ऐकू येतो तो जेमतेम दहा सेकंद. सोळा अक्षरं म्हणायला तीन-चार सेकंद लागतात, म्हणजे एकदा वाक्य, मग दुकानाचं नाव आणि खूण, इतकंच त्या वेळात मावतं. वस्तूंची लांबलचक यादी वाचायची नाही, त्यातला मधला एखादा तुकडाच कुणाच्या तरी कानावर पडतो. कर्ण्यात ‘स्त’, ‘स्व’ असली जोडाक्षरं फुसफुसतात, म्हणून ‘वही स्वस्त’वालं वाक्य रिक्षात नको, ते दुकानात राहू दे. ‘घेतला का गणवेश?’ कर्ण्यातून स्वच्छ ऐकू येतं. ते दोन आवाजांत करा: प्रश्न एका बाईच्या आवाजात, उत्तर एका मुलीच्या. तुमच्या मुलीचाच आवाज घ्या, खर्च नाही.

रिक्षावर बोलीतलं एखादं जास्तीचं वाक्यही खपून जातं, जे छापलं तर डोळ्याला खटकेल:

शाळेसाठी करा औंदा
कमी भावातला सौदा!

‘औंदा’ आणि ‘सौदा’ यातला अनुस्वार काटेकोर बघितला तर जुळत नाही, पण कान माफ करतो. यात गंगावेश नाही, त्यामुळे हे एकटं वाजवू नका. गणवेशाच्या वाक्याला जोडूनच ते येऊ दे.

रिक्षासाठी पोलिसांची परवानगी आधी घ्या. आणि शाळेच्या फाटकापुढं कर्णा लावून उभं राहायचा विचार असेल तर तो सोडा. शाळा, दवाखाना, न्यायालय यांच्या भोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असू शकतो. तशीही खरेदी करणारी माणसं त्या वेळी फाटकापाशी नसतात, ती संध्याकाळी बाजारात आणि बसथांब्यावर असतात.

फ्लेक्सचं गणित बोर्ड रंगवणाऱ्यांच्या जुन्या ठोकताळ्यानं करा: दहा फुटांवरून सहज वाचायला एक इंच उंचीचं अक्षर. तुमच्यासमोरच्या रस्त्यापलीकडून, म्हणजे चाळीस एक फुटांवरून वाचता यावं असं धरलं तर चार इंच अक्षर हवं, जाता जाता वाचायचं म्हणून पाच धरा. सहा फूट बाय तीन फूट फ्लेक्स घेतला तर रुंदी बहात्तर इंच. आठ अक्षरं पाच-पाच इंचांची म्हणजे चाळीस, मधली जागा धरून पन्नासच्या आसपास. दोन्ही बाजूंना मोकळी जागा राहून ओळ बसते. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, त्यामुळे एका ओळीला उंची आठ इंच धरायची. दोन ओळींचे सोळा झाले, खाली वीस इंच उरले. त्यात नाव, ‘दूध कट्ट्याजवळ’ आणि भावाची पट्टी येते. आठ अक्षरांची ओळ इथंही कामाला आली. अकरा अक्षरांची असती तर अक्षर लहान करावं लागलं असतं, किंवा ओळ तोडून यमक मधेच लटकलं असतं.

डिझाइनवाल्याला दोन गोष्टी बजावून सांगा. दोन ओळी दोनच ओळींत पाहिजेत, आणि ‘गणवेश’, ‘गंगावेश’ एकाखाली एक आले पाहिजेत, म्हणजे यमक डोळ्यालाही दिसतं. आणि मागं फुगे, पताका, हसरी मुलं नकोत. पिवळ्यावर काळं किंवा पांढऱ्यावर गडद निळं पुरे. फ्लेक्स स्वतःच्या दुकानावरच लावा. चौकातल्या खांबावर किंवा कुणाच्या भिंतीवर विनापरवाना लावला तर 1995च्या मालमत्ता विद्रूपीकरणाच्या कायद्यात सापडाल. कापडी फलक करायचा असेल, तर जूनमधला आपला पाऊस बघता रंग टिकेल का ते रंगवणाऱ्याला विचारून घ्या.

छापण्याआधी एक चाचणी करा. तिला पैसे लागत नाहीत. दूध कट्ट्यावर जाताना रोज थांबणारी तुमची चार-पाच ओळखीची माणसं असतील. एका संध्याकाळी त्यांना वाक्य एकदाच म्हणून दाखवा, कसं वाटलं ते विचारू नका. ‘छान आहे’ असंच म्हणतील आणि त्यातून काही कळणार नाही. दुसऱ्या दिवशी तेच आले की नुसती पहिली ओळ म्हणा, ‘घेतला का गणवेश?’ आणि थांबा. दुसरी ओळ त्यांच्या तोंडून आली तर वाक्य पक्कं. ‘काहीतरी गंगावेश...’ असं आलं तरी चालेल, कारण पत्ता राहिला आहे. पण कुणी ‘तुम्ही गणवेश ठेवायला लागलात काय?’ असं विचारलं, तर ‘वह्यांसाठी’ हा शब्द फ्लेक्सवर वेगळ्या रंगात, ठळक करा. हीच चाचणी तिसरी-चौथीतल्या एखाद्या मुलावर करा. मुलाला वाक्य आवडलं तर तो दिवसभर घरात तेच घोळवतो, आणि वह्या कुठून आणायच्या ते ठरताना तो आईशेजारीच असतो.

महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळा जूनच्या मध्याला उघडतात आणि पगार पहिल्या आठवड्यात होतो, तेव्हा फ्लेक्स मेच्या शेवटच्या आठवड्यात वर चढलेला हवा. जुलै लागला की गणवेशाचं वाक्य उतरवा, त्याचा प्रश्न तेव्हा शिळा होतो. ‘शाई दिसेना पल्याड’ वर्षभर राहू दे. आणि वहीसोबत नावाची लेबलं फुकट देत असाल, तर नाव, इयत्ता, तुकडी, विषय यांच्या खाली बारीक अक्षरात अर्धंच वाक्य छापून घ्या: ‘वह्यांसाठी गंगावेश’. तोवर पहिली ओळ पोरांना पाठ झालेली असेल. फक्त जवळच्या शाळेतल्या बाईंना आधी विचारा, काही शाळांना वहीवर दुकानाची जाहिरात चालत नाही.